कॅश टॅली झाली तरी उत्तर चूक का? डिबेंचरचं व्याज ऑपरेटिंगमध्ये टाकलं की काय होतं

कॅश फ्लो स्टेटमेंटचा पेपर तपासून हातात येतो, शेवटी क्लोजिंग कॅश बॅलन्स शीटशी तंतोतंत जुळलेली असते, आणि तरी ऑपरेटिंगच्या टोटलवर लाल रेघ आणि फायनान्सिंगच्या टोटलवर पण लाल रेघ. मग पहिला प्रश्न हाच येतो की अहो टॅली झालंय ना, मग चूक कुठेय? कॅश फ्लो नवीन शिकणाऱ्यांचं हे दुखणं कॉमन आहे आणि बऱ्याच वेळा त्यामागे एकच आयटम निघतो, तो म्हणजे कर्जावर किंवा डिबेंचरवर भरलेलं व्याज. त्याची जागा फायनान्सिंगमध्ये, आणि विद्यार्थ्याने ते ऑपरेटिंगमध्ये ठेवलेलं असतं. गंमत म्हणजे बहुतेकांना आपण ते तिथे ठेवलंय हे माहीतही नसतं, कारण त्यांनी व्याजाची ओळ कुठे लिहिलेलीच नसते.

कसं ते एका गणितावर बघू. आकडे सगळे हजारात धरा, मुद्दाम छोटे घेतलेत.

कंपनी माल बनवून विकणारी आहे, बँक किंवा फायनान्स कंपनी नाही (हे पुढे लागणार आहे). टॅक्सच्या आधीचा प्रॉफिट २१०. हा प्रॉफिट काढताना खर्चात डेप्रिसिएशन ६० आणि डिबेंचरचं व्याज ४० धरलंय. डिबेंचर १० टक्क्यांचे, वर्षाच्या सुरुवातीला ४०० चे होते आणि वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी आणखी २०० चे काढले, म्हणून वर्षाचं व्याज ४०० वरच, म्हणजे ४०. आउटस्टँडिंग व्याज सुरुवातीला ५ होतं, शेवटी ८. डेटर्स २५ ने वाढले, क्रेडिटर्स १५ ने वाढले, टॅक्स भरला ५०, मशीन घेतलं ३०० चं, डिव्हिडंड दिला ७०. कॅश सुरुवातीला ३०, शेवटी ७३. म्हणजे तिन्ही भाग मिळून ४३ ची वाढ यायला हवी.

आता जे उत्तर चुकीचं ठरलं ते असं होतं:

प्रॉफिट २१०, अधिक डेप्रिसिएशन ६०, झाले २७०
डेटर्स वाढले, वजा २५
क्रेडिटर्स वाढले, अधिक १५
आउटस्टँडिंग व्याज वाढलं, अधिक ३
झाले २६३, टॅक्स वजा ५०, ऑपरेटिंग २१३
इन्व्हेस्टिंग, मशीन, वजा ३००
फायनान्सिंग, डिबेंचर काढले २००, डिव्हिडंड वजा ७०, झाले १३०
एकूण २१३ वजा ३०० अधिक १३०, बरोबर ४३

टॅली! आणि बरोबर उत्तर आहे ऑपरेटिंग २५०, फायनान्सिंग ९३. टोटल तिथेही ४३ च येते. ३७ चा आकडा एका खान्यातून उचलून दुसऱ्यात ठेवला एवढाच फरक, म्हणून शेवटच्या ओळीला त्याचा पत्ताच लागत नाही. क्लोजिंग कॅशची टॅली एवढंच सांगते की काही सुटलं नाही आणि काही दोनदा आलं नाही, कुठली गोष्ट कुठल्या भागात बसली हे ती कधीच सांगत नाही. आणि तपासणारा तर मुख्यत्वे तेच बघत असतो, कारण क्लोजिंग कॅश काय, ती बॅलन्स शीटमध्ये आधीच छापलेली असते.

आता या उत्तरात व्याजाची ओळ कुठेच नाही, मग ते ऑपरेटिंगमध्ये गेलं कसं? इनडायरेक्ट मेथडमध्ये आपण सुरुवातच प्रॉफिटपासून करतो, आणि त्या प्रॉफिटमधून व्याजाचे ४० आधीच वजा झालेले असतात. तुम्ही ते परत अॅड केले नाहीत तर ते वजा झालेलेच राहतात, आणि त्यात आउटस्टँडिंगचे ३ वर्किंग कॅपिटलमधून मिळवले की नक्की ३७ वजा होतात, म्हणजे वर्षात जेवढं व्याज रोखीने भरलं तेवढंच. थोडक्यात गप्प बसणं म्हणजेच ऑपरेटिंगमध्ये टाकणं. बाकी खर्चांसाठी, म्हणजे पगार, भाडं, वीज वगैरेसाठी, हेच गप्प बसणं बरोबर असतं, म्हणून हाताला तीच सवय लागते.

याच उत्तरात डिव्हिडंड मात्र बरोबर जागी आहे ते बघा. कारण डिव्हिडंड हा प्रॉफिट काढायच्या आधीचा खर्च नाही, तो वेगळा दिसतो, म्हणून तो कुठे टाकायचा याचा विचार करावाच लागतो. व्याज खर्चाच्या गर्दीत आधीच बसलेलं असतं त्यामुळे त्याच्याकडे लक्ष जात नाही.

मग ते फायनान्सिंगमध्येच का, हा पुढचा प्रश्न, आणि तो अगदी रास्त आहे, कारण व्याज हा खर्च तर आहेच. इथे गोंधळ होतो तो असा की प्रॉफिट अँड लॉसमध्ये खर्च म्हणून आला म्हणजे कॅश फ्लोमध्ये ऑपरेटिंग, असं सरळ समीकरण डोक्यात बसतं. पण कॅश फ्लोचे तीन भाग खर्च आणि उत्पन्न असे पाडलेले नाहीत, पैसा कुठल्या कामामुळे आला किंवा गेला यावर पाडलेत. दोन कंपन्या घ्या, धंदा एकसारखा, विक्री तीच, खर्च तेच. एकीने भांडवल शेअर्स काढून उभं केलं आणि ती वर्षाला ४० डिव्हिडंड देते, दुसरीने डिबेंचर काढले आणि ती ४० व्याज देते. टॅक्सचा फरक क्षणभर बाजूला ठेवला तर दोघींच्या धंद्यातून येणारा पैसा सारखाच आहे, पैसे कुठून उभे केले एवढाच फरक. व्याज ऑपरेटिंगमध्ये टाकलं तर दुसरीचा धंदा उगाच ४० ने कमजोर दिसेल. म्हणून भांडवल वापरायची किंमत, मग ती व्याज असो की डिव्हिडंड, भांडवलाच्याच घरात ठेवायची, हा त्यामागचा विचार. भारतातल्या एएस ३ मध्ये आणि इंड एएस ७ मध्ये हेच ठरवून दिलंय, फायनान्स कंपनी नसेल तर भरलेलं व्याज फायनान्सिंग, भरलेला डिव्हिडंड फायनान्सिंग, आणि मिळालेलं व्याज आणि डिव्हिडंड इन्व्हेस्टिंग. यात तुमच्या मर्जीने निवडायला काही ठेवलेलं नाही.

आता करायचं कसं ते क्रमाने.

पहिलं काम, पेन उचलायच्या आधी, दोन गोष्टी बघा. कंपनी कुठल्या प्रकारची आहे आणि प्रश्न कुठल्या स्टँडर्डवर आहे. बँक असेल किंवा कर्ज देणं हाच धंदा असेल तर व्याज देणं घेणं हेच तिचं रोजचं काम, तिथे भरलेलं व्याज ऑपरेटिंगमध्येच जातं आणि मिळालेलंही. डिव्हिडंड दिलेला मात्र तिथेही फायनान्सिंगच. स्टँडर्डचं खाली सविस्तर लिहितो, कारण नेटवरचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची अर्धी गडबड तिथूनच सुरू होते.

दुसरं, तुमचा सुरुवातीचा आकडा व्याज वजा झालेला आहे की नाही ते ठरवा. टॅक्सच्या आधीचा नेट प्रॉफिट दिला असेल तर व्याज वजा झालेलं आहे. फक्त सरप्लसचा फरक दिला असेल तर त्यात डिव्हिडंड आणि टॅक्सची तरतूद वगैरे मिळवून आधी टॅक्सपूर्व प्रॉफिट काढावा लागतो, आणि तोही व्याज वजा झालेलाच असतो. पण कधी कधी प्रश्नात "व्याज आणि टॅक्सच्या आधीचा प्रॉफिट" असं दिलेलं असतं, तेव्हा व्याज अॅड बॅक करायचं नाही, कारण ते वजाच झालेलं नाही. हा एक शब्द न वाचल्यामुळे चांगल्या चांगल्यांचं गणित फिरतं.

तिसरं, वजा झालेलं असेल तर प्रॉफिट अँड लॉसमधला पूर्ण खर्च परत मिळवा. आपल्या गणितात ४०. इथे ३७ मिळवायचे नाहीत, कारण प्रॉफिटमधून ४० गेलेत, भरलेली रक्कम गेलेली नाही. अॅड बॅक हा आकडा नेहमी खर्चाचा, रोखीचा नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. म्हणजे २१० अधिक ६० अधिक ४०, झाले ३१०.

चौथं, वर्किंग कॅपिटलच्या यादीतून आउटस्टँडिंग व्याज बाहेर काढा. बॅलन्स शीटमध्ये ते करंट लायबिलिटीत क्रेडिटर्सच्या शेजारी बसलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप ते पण उचलतो. पण वर्किंग कॅपिटलचा फरक आपण कशासाठी घेतो, तर ऑपरेटिंगमधल्या खर्च उत्पन्नाला रोखीत आणण्यासाठी. व्याज आता ऑपरेटिंगमधून पूर्ण बाहेर गेलंय, मग त्याची थकबाकी तिथे राहून काय करणार. ३१० वजा २५ अधिक १५ म्हणजे ३००, टॅक्स ५० गेले, ऑपरेटिंग २५०.

पाचवं, प्रत्यक्ष भरलेलं व्याज वेगळी वर्किंग नोट करून काढा आणि फायनान्सिंगमध्ये वजा दाखवा. सुरुवातीची थकबाकी ५, त्यात वर्षाचं व्याज ४०, झाले ४५, त्यातले शेवटी ८ द्यायचे राहिले, म्हणजे भरले ३७. फायनान्सिंग होतं २०० वजा ३७ वजा ७०, म्हणजे ९३. आणि ही नोट उत्तराखाली लिहा, नुसता ३७ लिहिलात तर तो कुठून आला हे तपासणाऱ्याला कळायला मार्ग नसतो.

प्रश्नात थकबाकी दिलीच नसेल तर खर्च आणि भरलेली रक्कम एकच, आणि मग एकच आकडा दोन ठिकाणी येतो, वर अधिक, खाली वजा. सुरुवातीला खूप जणांना हे बघून वाटतं की एकच गोष्ट दोनदा घेतली. नाही, पहिल्यांदा ती प्रॉफिटमध्ये वजा झाली, मग अधिक करून ते रद्द केलं, मग योग्य जागी एकदा वजा केली. शेवटी एकदाच वजा.

नव्याने वर्षाच्या मध्ये डिबेंचर काढले असतील तर व्याज काढताना तारीख बघा. आपल्या गणितात शेवटच्या दिवशी काढले म्हणून सोपं गेलं. सहा महिने आधी काढले असते तर २०० वर सहा महिन्यांचे १० आणखी धरावे लागले असते, आणि व्याजाचा आकडा प्रश्नात दिला नसेल तर तिथेच चूक होते. पण ती आकड्याची चूक झाली, जागेची नाही.

आता कॅश टॅली होत नसेल तेव्हा काय? खरं तर ते बरं, कारण मग फरकच सांगतो कुठे अडलंय. आपल्याच गणितावर बघा. व्याज ४० अॅड बॅक केलं पण फायनान्सिंगमध्ये दाखवायला विसरलात, तर ४३ च्या जागी ८० येतात, म्हणजे भरलेल्या व्याजाएवढे, ३७, जास्त. उलट केलंत, अॅड बॅक विसरलात पण फायनान्सिंगमध्ये ३७ दाखवले, तर ३ येतात, म्हणजे खर्चाएवढे, ४०, कमी. फरक छोटा, थकबाकीतल्या वाढीएवढा, म्हणजे ३ चा असेल तर आउटस्टँडिंग व्याजाशी काहीतरी घोळ आहे. ३ जास्त येत असतील तर तुम्ही थकबाकी वर्किंग कॅपिटलमध्ये पण घेतलीत आणि ३७ च्या हिशोबात पण घेतलीत. ३ कमी येत असतील तर थकबाकी कुठेच घेतली नाहीत आणि फायनान्सिंगमध्ये सरळ ४० लिहिले.

आणि एक लबाड प्रकार राहतो. ४० अॅड बॅक केले, थकबाकीचे ३ वर्किंग कॅपिटलमध्ये मिळवले, आणि फायनान्सिंगमध्ये ४० वजा केले. ऑपरेटिंग २५३, फायनान्सिंग ९०, एकूण ४३, टॅली झालं! व्याज तर फायनान्सिंगमध्ये दाखवलंय, मग आता काय चुकलं असं वाटतं, पण व्याजाचा ३ चा तुकडा अजून ऑपरेटिंगमध्येच अडकलेला आहे आणि दोन्ही टोटल ३ ने चुकल्यात. व्याज न भरता राहिलेलं असताना पूर्ण ४० भरले असं दाखवणं हे कॅश फ्लोमध्ये चालत नाही. हा प्रकार पकडायला टॅली उपयोगाची नाही, फायनान्सिंगमधला व्याजाचा आकडा आणि प्रॉफिट अँड लॉसमधला आकडा शेजारी ठेवून बघायचा, थकबाकी बदललेली असून दोन्ही एकच असतील तर समजायचं.

आता स्टँडर्डचं. समजा तुम्ही एखाद्या अमेरिकन व्हिडिओवरून शिकलात आणि तिथे भरलेलं व्याज ऑपरेटिंगमध्ये ठेवलंय, तर तो शिकवणारा चुकलेला नाही. अमेरिकेच्या नियमात, एएससी २३० मध्ये, व्याज भरलेलं ऑपरेटिंगमध्येच जातं, डिव्हिडंड दिलेला फायनान्सिंगमध्ये, आणि मिळालेलं व्याज आणि डिव्हिडंड पण ऑपरेटिंगमध्ये. त्यांचा विचार असा की जे नेट इन्कम ठरवण्यात येतं ते ऑपरेटिंग. त्या विचारातही तथ्य आहे, पण मला स्वतःला वर दिलेल्या दोन कंपन्यांच्या उदाहरणाने फायनान्सिंगचीच बाजू पटते. आंतरराष्ट्रीय आयएएस ७ मध्ये आतापर्यंत मोकळीक होती, ऑपरेटिंग किंवा फायनान्सिंग, जे निवडाल ते दरवर्षी तसंच ठेवा. आयएफआरएस १८ आल्यावर, १ जानेवारी २०२७ पासून किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या वर्षांसाठी, ही मोकळीक बहुतेक कंपन्यांना राहत नाही, भरलेलं व्याज फायनान्सिंगमध्येच. शिवाय तिथे इनडायरेक्ट मेथडची सुरुवात ऑपरेटिंग प्रॉफिटपासून होते, ज्यातून कर्जाचं व्याज वजा झालेलंच नसतं, म्हणजे ज्या अॅड बॅकवर आपण एवढं बोललो त्याची तिथे गरजच पडत नाही.

म्हणून उत्तर चूक दिलं म्हणून वाद घालायला जायच्या आधी अभ्यासक्रम कुठल्या स्टँडर्डवर आहे ते बघून घ्या. एएस ३ वर किंवा इंड एएस ७ वर असेल तर वाद नाही, फायनान्सिंग. आयएएस ७ वर जुन्या पद्धतीचा पेपर असेल, कंपनीने काय निवडलंय ते प्रश्नात दिलं नसेल आणि तुम्ही "भरलेलं व्याज" अशी स्पष्ट वेगळी ओळ ऑपरेटिंगमध्ये दाखवली असेल, तर मात्र विचारायला जागा आहे. ओळच दाखवली नसेल तर तिथेही बाजू लंगडी, कारण व्याजाचा रोख आकडा वेगळा दाखवावा लागतो, मग तो कुठल्याही भागात असो.

जाता जाता याच जातीची दुसरी चूक, बँक ओव्हरड्राफ्ट आणि कॅश क्रेडिट. बॅलन्स शीटमध्ये करंट लायबिलिटीत दिसतात म्हणून विद्यार्थी त्यांची वाढ क्रेडिटर्ससारखी वर्किंग कॅपिटलमध्ये मिळवून मोकळे होतात. शालेय आणि कॉलेजच्या भारतीय गणितांत ती शॉर्ट टर्म बोरोइंग धरतात, वाढली तर फायनान्सिंगमध्ये अधिक, कमी झाली तर वजा. इथेही टॅली होते, इथेही लाल रेघ दोन ठिकाणी येते. इंड एएस ७ मध्ये मागताक्षणी फेडायचा ओव्हरड्राफ्ट कंपनीच्या रोजच्या कॅश सांभाळण्याचाच भाग असेल तर तो कॅश अँड कॅश इक्विव्हॅलंटमधून वजा धरता येतो, आणि तसं असेल तर तो तिन्ही भागांत कुठेच येत नाही, ओपनिंग आणि क्लोजिंग कॅशच्या आकड्यातच जातो, पण तसं करायचं असेल तर प्रश्नात ते सांगितलेलं असतं. नसेल सांगितलं तर फायनान्सिंग, आणि त्यावर भरलेलं व्याज पण त्याच्याच खाली.